रिंग रोडच्या कटवर यू टर्न घेताना बाइक धडकली, बोर्ड नव्हता तरी चूक माझी का?

तिलकनगरकर
मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःवर आली म्हणून धागा काढतोय. मागच्या बुधवारी संध्याकाळी सात सव्वासातला मावशीकडून परत येत होतो, गाडी स्विफ्ट, बरोबर आई. आपल्या इंदूरच्या रिंग रोडवरच्या एका कटवर यू टर्न घ्यायचा होता (कुठला कट ते सांगत नाही, तिथल्या दुकानदारांत निम्मे ओळखीचे आहेत). इंडिकेटर दिला, डिव्हायडरच्या तोंडाशी थांबलो, समोरून वाहनं येतच होती. मग समोरच्या बाजूने डिव्हायडरलगतच्या लेनमध्ये एक बस आली, तिने स्पीड कमी करून डिपर मारला आणि चक्क थांबली. मला वाटलं देवमाणूस आहे, जाऊ देतोय, मागचे हॉर्नवर हॉर्न मारत होतेच, म्हणून मी गाडी काढली आणि वळून पलीकडच्या लेनमध्ये जातोय तोच बसच्या पलीकडून एक बाइक आली आणि माझ्या डाव्या मागच्या दारावर आदळली. मुलगा पडला, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, मनगट फ्रॅक्चर आहे. आम्हीच त्याला दवाखान्यात नेलं.

आता त्याच्या घरचे म्हणतात चूक तुमची, माझा मेव्हणा म्हणतो चूक त्याची, इन्शुरन्सचा सर्व्हेअर फॉर्म पुढे करून नुसता मान हलवतो. तिथे यू टर्न मनाईचा बोर्ड नाही, डिव्हायडर मुद्दाम उघडा ठेवलाय, मग तिथून वळणं अलाउड आहे की नाही? आणि मी नेमकं काय चुकलो? बस थांबलीच होती ना.

राऊचा_राजा
दादा टेन्शन नका घेऊ, सरळ हिशोब आहे. बोर्ड नाही म्हणजे अलाउड, कट आहे म्हणजे अलाउड. बाइकवाल्याने थांबलेल्या बसला डाव्या बाजूने ओव्हरटेक केलं आणि डावीकडून ओव्हरटेक करणं चूक आहे, म्हणजे चूक शंभर टक्के त्याची. फक्त पोरगा पडलाय आणि गाडी तुमची मोठी आहे म्हणून लोक तुमच्यावर येणार, आपल्याकडे मोठ्या गाडीवाल्याचीच चूक धरतात हा रिवाजच आहे.

किबे_कंपाउंडची_सूनबाई
माझी पुढच्या आठवड्यात आरटीओची टेस्ट आहे, त्यात यू टर्न घ्यायला लावतात का? मला आठ काढता येतो पण रिव्हर्स अजिबात जमत नाही, नवरा म्हणतो गल्लीत प्रॅक्टिस कर पण आमच्या गल्लीत गाडी वळतच नाही, तीनदा पुढेमागे करावी लागते.

तिलकनगरकर
ताई हा धागा टेस्टचा नाहीये हो 🙂 पण शुभेच्छा.

जुना_ओव्हरसिअर
राऊकरांचं अर्धं बरोबर आहे, म्हणजे अर्धं चूक आहे. मी तीस वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली, डिव्हायडरचे कट उघडायचे आणि बंद करायचे भांडणं यातच निम्मी नोकरी गेली, म्हणून थोडं लांबट लिहितो.

आधी कायद्याचं. 1989 चे रूल्स ऑफ द रोड होते, त्यांच्या जागी 2017 मध्ये मोटर व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स आले. त्यात यू टर्नचा सारांश असा की जिथे मनाईचा बोर्ड आहे तिथे नाही, सलग अखंड पट्टी ओलांडून नाही, आणि वर्दळीच्या रस्त्यावरही नाही. जिथे मनाई नाही तिथेसुद्धा इंडिकेटर द्यायचा, आरशात बघायचं आणि दुसऱ्याला धोका न होता वळायचं. म्हणजे बोर्ड नसणं म्हणजे परवानगीचं पत्र नव्हे. डिव्हायडरचा कट तुम्हाला वळायला जागा देतो, हक्क देत नाही. सरळ येणाऱ्याचा रस्ता त्याचाच राहतो, वळणाऱ्याने थांबायचं. आता वर्दळ म्हणजे किती, ते कुठे आकड्यात लिहिलेलं नाही, त्यामुळे संध्याकाळी सातचा रिंग रोड वर्दळीचा धरायचा का यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

डावीकडून ओव्हरटेकचं म्हणाल तर दोन लेन असतील, बस तिच्या लेनमध्ये थांबली आणि पोरगा स्वतःच्या लेनमधून सरळ गेला, तर त्याला डावीकडून घुसला म्हणणं जरा कठीण आहे. तो बस आणि फुटपाथच्या फटीतून काढत असेल तर गोष्ट वेगळी. हे तिथे उभं राहून ठरतं, इथे बसून नाही.

तिलकनगरकर, एक काम करा. उद्या सकाळी लवकर जा, पोहे खाऊन या आणि तिथला डिव्हायडर किती रुंद आहे आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे ते टेपने मोजा. रस्त्यात उतरू नका, कडेने पावलांनी अंदाज घेतला तरी चालेल. मग सांगतो काय चुकलं.

अ‍ॅक्टिव्हावाली_भंवरकुआं
मी बाइकवाल्यांच्या बाजूची आहे म्हणून सांगते, आम्हाला त्या वेळी काय दिसतं ते कोणी विचारतच नाही. समोर बस हळू होते, आम्हाला वाटतं सवारी उतरवतेय किंवा खड्डा असेल, म्हणून आपण आपल्या लेनने पुढे निघतो, आणि बसच्या नाकासमोरून एकदम गाडीचं बॉनेट बाहेर येतं. तोपर्यंत गाडी आहे हे कळायचा मार्गच नाही. माझं एकदा असंच झालं होतं, मी जेमतेम वाचले, गाडीवाले काका वर मलाच ओरडले की दिसत नाही का. काका, मला तुम्ही दिसत नव्हता तसं तुम्हालाही मी दिसत नव्हते ना.

व्हॅनवाले_भाऊ
शाळेची व्हॅन चालवतो 14 वर्षं, लिहायची सवय नाही पण हे वाचून राहवलं नाही. डिपरचा भरवसा करू नका. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे कोणी जा म्हणतो, कोणी मी येतोय सरक म्हणतो, आणि बस थांबली तर तो फक्त बसचा निर्णय असतो, तिच्या बाजूच्या लेनचा नसतो. बसवाल्याला स्वतःला त्याच्या डाव्या आरशात काय येतंय ते पूर्ण दिसत नाही, तो तुमची गॅरंटी कशी घेणार.

दुसरं, कटमध्ये थांबताना स्टिअरिंग आधीच उजवीकडे वळवून ठेवू नका, चाकं सरळ ठेवा. मागून कोणी ठोकली तर सरळ चाकांची गाडी पुढे सरकते, वळवलेल्या चाकांची गाडी समोरच्या ट्रॅफिकमध्ये जाते. हे मला ज्याने व्हॅन शिकवली त्याने शिकवलं, पुस्तकात वाचलेलं नाही.

तिलकनगरकर
ओव्हरसिअर साहेब, मोजून आलो. डिव्हायडर चार फूट म्हणजे साधारण 1.2 मीटर, वर कण्हेर लावलीय माझ्या छातीपर्यंत. समोरचा रस्ता दोन लेन, 7 मीटरच्या आसपास, पलीकडे कच्चा भाग आणि त्यावर फळवाल्यांच्या गाड्या. चहावाला ओळखीने म्हणाला की इथे आठवड्याला एक तरी टक्कर बघतो, पण तो किस्से रंगवून सांगणारा माणूस आहे.

जुना_ओव्हरसिअर
झालं, मला जे वाटत होतं तेच निघालं. आता हिशोब बघा, कठीण नाहीये.

स्विफ्टची टर्निंग रेडियस कंपनी 4.8 मीटर सांगते. म्हणजे पूर्ण वळायला 9.6, आपण माणसं आहोत, थोडं सैल धरून 10 मीटर जागा लागते. तुम्ही डिव्हायडरला जवळजवळ चिकटून होतात असं धरू. गाडी पावणेदोन मीटर रुंद, मध्ये अर्धा पाऊण मीटर, म्हणजे तुमची डावी चाकं डिव्हायडरपासून अडीच मीटरवर. 10 मधून अडीच गेले, डिव्हायडरचे 1.2 गेले, उरले 6.3. म्हणजे तुम्ही कितीही सफाईने वळलात तरी तुमची डावी चाकं समोरच्या रस्त्यात सव्वासहा मीटर आत जाणारच, आणि तो रस्ता आहे सगळा 7 मीटर. तुम्ही एक लेन ओलांडलीच नाही हो, तुम्ही दोन्ही लेन झाडून काढल्या. बसने तुम्हाला त्यातली एकच दिली होती.

आता डिव्हायडर 5 मीटर रुंद असता तर? 10 मधून अडीच आणि 5 गेले की अडीचच उरतात. म्हणजे गाडी समोरच्या पहिल्याच लेनमध्ये वळून होते, पलीकडच्या लेनला हातही लावत नाही. शिवाय स्विफ्टची लांबी चार मीटरच्या आत, ती 5 मीटरच्या डिव्हायडरमध्ये आडवी पूर्ण मावते. आधी या बाजूचा रस्ता सोडायचा, मध्ये आरामात उभं राहायचं, मग फक्त एका बाजूला बघून निघायचं. एका कठीण कामाची दोन सोपी कामं होतात. 1.2 मीटरच्या डिव्हायडरमध्ये हे जमतच नाही. तिथे तुम्ही तिरके उभे राहता, शेपूट तुमच्याच बाजूच्या फास्ट लेनमध्ये, नाक कण्हेरीच्या बाहेर काढून बघायचं म्हणून समोरच्या फास्ट लेनमध्ये. मागून ठोकायचीही सोय आणि समोरून ठोकायचीही. आणि डिव्हायडरलगतची लेन दोन्ही बाजूंना सगळ्यात वेगाची असते, म्हणजे आपण नेमके सगळ्यात वेगवान लोकांच्या वाटेत उभे असतो.

वेळेचंही बघा. अर्धं वर्तुळ म्हणजे बारा तेरा मीटर चालणं, थांबलेल्या गाडीला त्याला साधारण पाच सेकंद लागतात. 50 च्या स्पीडने येणारी बाइक सेकंदाला 14 मीटर येते, पाच सेकंदात 70 मीटर. 60 ने येत असेल तर 83 मीटर. म्हणजे निघायच्या आधी समोरच्या दोन्ही लेन सत्तर ऐंशी मीटर रिकाम्या दिसायला हव्यात, दिसायला हव्यात म्हणतोय मी, असायला नव्हे. तुमच्यासमोर बस उभी होती, तिच्यामागे तुम्हाला दुसरी लेन दहा मीटरही दिसत नसणार. आणि बाइकची अजून एक गंमत, लहान दिसते म्हणून मनाला ती लांब वाटते, हे दिवसाही होतं, संध्याकाळी एकाच दिव्याने तर जास्तच होतं.

दाराला डेंट कुठे आहे, मागच्या दारावर ना? म्हणजे तो पोचला तोपर्यंत तुमचं नाक त्याच्या पुढून निघून गेलं होतं. ब्रेकचे टायरचे व्रण रस्त्यावर दिसले का? नसतील तर त्याला ब्रेक लावायलाही वेळ मिळाला नसावा. 40 ने येणारा माणूस सेकंदाला 11 मीटर येतो आणि गाडी दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक दीड सेकंद कुणाचाही जातो. बसच्या पुढे गाडीचं नाक दिसलं तेव्हा तो पंधरा मीटरवर असेल तर ब्रेकला पाय जाईपर्यंत तुमच्या दारात. यावरून कोर्टात काही सिद्ध होत नाही हां, मी फक्त कसं झालं असेल ते सांगतोय.

तिलकनगरकर
व्रण नव्हते. दार उघडत नाहीये अजून. हे वाचून रात्री झोप लागणार नाही, आई मागच्या सीटवर डावीकडेच बसली होती.

राऊचा_राजा
ओव्हरसिअर साहेब तुमचा हिशोब मानला, पण मग असा कट ठेवलाच कशाला? जिथे गाडी मावत नाही तिथे कट ठेवायचा आणि मग ठोकल्यावर वळणाऱ्याला धरायचं, हा कुठला न्याय. बंद करा ना सगळे असे कट.

अ‍ॅक्टिव्हावाली_भंवरकुआं
बंद करा म्हणणं सोपं आहे. आमच्या कॉलनीसमोरचा कट बंद केला तेव्हा पुढच्या चौराह्यावरून वळून यायला दोन किलोमीटर पडायला लागले. मी जाते, पण शंभरातले किती जात असतील? बाकीचे दोनशे मीटर राँग साइडने डिव्हायडर धरून येतात, आमच्या इथे सकाळी राँग साइडची वेगळी लेनच तयार होते. आणि त्यातली निम्मी आमच्याच कॉलनीची माणसं, माझे काका सुद्धा.

जुना_ओव्हरसिअर
ताई बरोबर बोलताय, आणि 2019 च्या दुरुस्तीत राँग साइड म्हणजे वाहतुकीच्या उलट दिशेने चालवणं कलम 184 च्या धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातलंय, तरी लोक येतात कारण दोन किलोमीटर. म्हणून कट नुसता बंद करणं अर्धं काम. नीट करायचं तर कट एकाच दिशेच्या वळणाऱ्यांसाठी ठेवायचा, म्हणजे डिव्हायडरची टोकं अशी बांधायची की एकाच बाजूची गाडी वळू शकेल, समोरच्या बाजूच्यांसाठी पुढे वेगळा कट. नाहीतर काय होतं, दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच तोंडात घुसतात आणि एकमेकांच्या मागचं दिसणं बंद करतात. दुसरं म्हणजे कटच्या आधी डिव्हायडर खरवडून वळणाऱ्यांना थांबायला वेगळी लेन द्यायची, म्हणजे फास्ट लेनमध्ये शेपूट राहत नाही. पण त्याला डिव्हायडर आधी रुंद हवा, आणि आपण रुंद डिव्हायडर कापून लेन वाढवतो, मग उरतो हा चार फुटी कट्टा. तिसरं, स्वस्तात स्वस्त, कटच्या अलीकडे पलीकडे झाडं गुडघ्याइतकी ठेवायची. कण्हेर समोरच्या हेडलाइटचा झगमगाट अडवायला लावतात, ठीक आहे, पण कटच्या तोंडाशी तीच कण्हेर बाइक झाकते.

सरळ येणाऱ्यांना सावध करायला त्रिकोणी बोर्डही असतो, पुढे डिव्हायडर उघडा आहे सांगणारा. तुमच्या कटच्या आधी होता का बघा, माझ्या अनुभवात तो बोर्ड पानं वाढून झाकलेलाच असतो.

मल्हारगंज_मास्तर
एबी रोडच्या बीआरटीएसचं आठवा. 2013 मध्ये सुरू झालं तेव्हा निरंजनपूर ते राजीव गांधी साडेअकरा किलोमीटर मधोमध फक्त बसचा कॉरिडॉर, मध्येच वळायचं नावच नको, चौराह्यावर जाऊनच वळायचं. आम्ही शिव्या घातल्या, पण मधल्या कटच्या टकरी तेवढ्या कमी दिसायच्या असं मला वाटतं. फेब्रुवारी 2025 ला हायकोर्टाने कॉरिडॉर काढायला सांगितलं. आता मधली जागा मोकळी होते तसे दुकानदार आपापल्या दारासमोर कट मागणार, बघाच तुम्ही.

राऊचा_राजा
मास्तर, बीआरटीएसवर रेलिंग ओलांडून जाणारे पायी लोक विसरलात वाटतं. ते मोजलेत का तुम्ही?

मल्हारगंज_मास्तर
मी वाटतं म्हणालो रे. मोजलं म्हणालो नाही.

किबे_कंपाउंडची_सूनबाई
मग चौराह्यावर सिग्नलला यू टर्न घेणं सेफ का? तिथे तर सगळे थांबलेले असतात. (टेस्टसाठी नाही विचारत आता 😅)

व्हॅनवाले_भाऊ
बरं असतं पण डोळे मिटून नाही. उजव्या बाणाच्या हिरव्यावर वळायचं, मनाईचा बोर्ड नसेल तर. तेव्हा समोरचे थांबलेले असतात हे खरं, पण बाजूच्या रस्त्यावरून फ्री लेफ्टवाले येतात ना, ते तुम्ही जिथे वळून जाता नेमक्या त्याच रस्त्यात घुसतात. त्यांना वाटतं आपला लेफ्ट फ्री आहे, तुम्हाला वाटतं आपला बाण हिरवा आहे. मी वळताना मान डावीकडे ठेवतो. आणि व्हॅन एका झटक्यात वळत नसेल तर वळतच नाही, पुढे जाऊन डावीकडे गल्लीत घालून फिरून येतो. पोरं ओरडतात काका उशीर झाला, ओरडू दे.

तिलकनगरकर
परत जाऊन आलो. त्रिकोणी बोर्ड आहे, ओव्हरसिअर साहेब म्हणाले तसाच, गुलमोहराच्या फांदीमागे. फोटो काढलाय, सर्व्हेअरला देऊ का? त्याचा उपयोग मला होईल की त्या मुलाला?

बाइकवाल्या मुलाला आज भेटायला गेलो होतो, तो म्हणाला काका मला वाटलं बसमधून सवारी उतरतेय म्हणून मी उलट हळू केली होती, तीस पस्तीस असेल. भंवरकुआंच्या ताई म्हणाल्या तेच. मेव्हणा अजून डावीकडून ओव्हरटेक हेच धरून बसलाय.

जुना_ओव्हरसिअर
फोटो दोघांच्याही कामाचा नाही फारसा, तो बोर्ड सरळ येणाऱ्याला सावध करायचा आहे, पण तो झाकला होता म्हणून तुमची थांबायची जबाबदारी कमी होत नाही. तरी द्या. सर्व्हेअरला बस थांबली होती, दुसरी लेन दिसत नव्हती आणि तरी गाडी काढली हे जसं झालं तसंच लिहा, बस कोणती ते आठवत नसेल तर आठवत नाही लिहा. क्लेम कसा बसतो ते पॉलिसीवर आहे, ते मला विचारू नका. मुलाच्या हाताचा खर्च कोणाच्या विम्यातून जातो ते वकिलाला विचारा, टक्केवारीत चूक वाटली जाते असं मी ऐकून आहे पण तुमच्या केसमध्ये किती ते तिथेच ठरेल.

अ‍ॅक्टिव्हावाली_भंवरकुआं
तिलकनगर काका, तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाणार ना मावशीकडे? आता कुठून वळणार?

तिलकनगरकर
काल चौराह्यापर्यंत गेलो. एक किलोमीटर सातशे मीटर जास्त पडले, आई म्हणाली चालेल. पण वळताना फ्री लेफ्टमधून एक ई-रिक्षा आलीच, व्हॅनवाल्या भाऊंचं वाचलं होतं म्हणून मान डावीकडे होती.